386 मोऱ्या रस्त्यावर आणताना: QGIS मधल्या स्नॅपिंगचे माझे पंधरा-वीस दिवस

काम ऐकायला अगदी सोपं होतं. सर्वेक्षणाच्या मुलांनी मोबाइलवर 386 मोऱ्यांच्या जागा टिपून आणल्या होत्या. रस्त्यांच्या रेषांचा थर हातात होता. प्रत्येक बिंदू जवळच्या रस्त्याच्या रेषेवर आणून ठेवायचा, म्हणजे स्नॅप करायचा, तो किती सरकला ते एका कॉलममध्ये लिहायचं आणि फाइल तपासणीला पाठवायची. मी एका दुपारचा अंदाज बांधला होता. फाइल पहिल्यांदा पाठवेपर्यंत पाच दिवस गेले आणि ती मंजूर होईपर्यंत तीन आठवडे. पैसे एकही लागले नाहीत. जे लागलं ते सगळं डोळ्यांचं आणि वेळेचं.

सोमवार, 6 तारीख. सीएसव्ही QGIS या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढली, बिंदू दिसले. सगळे रस्त्यांच्या आसपास, कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे, थोडे शेतात. Processing Toolbox मधलं `Snap geometries to layer` उघडलं, वरच्या खान्यात बिंदू दिले, खालच्यात रस्ते, आणि बाकी काहीही न बदलता Run दाबलं. टॉलरन्सच्या खान्यात, म्हणजे बिंदू जास्तीत जास्त किती लांबच्या रेषेवर न्यायचा त्या मर्यादेच्या खान्यात, आधीपासून 10 होतं. शेजारी एक पिवळा त्रिकोणही होता. तो मला दिसला होता, पण मी त्याच्याकडे शेजारच्या घरातल्या भांडणाकडे बघावं तसं बघितलं आणि पुढे गेले.

निकाल देखणा होता. एकूण एक बिंदू रेषेवर. घरी जाताना मी खूशही होते.

मंगळवारी सकाळी सहज एका सरळ रस्त्यावर झूम केलं. तिथे एकमेकींपासून अठरा मीटरवर दोन मोऱ्या आहेत हे फोटोंवरून मला माहीत होतं. नकाशात एकच ठिपका. त्यावर क्लिक केलं तर दोन नोंदी, एकावर एक. मग `Delete duplicate geometries` चालवून बघितलं. काही पुसायचं नव्हतं, फक्त मोजायचं होतं. लॉगमध्ये आलं: RETAINED_COUNT 241, DUPLICATE_COUNT 145. म्हणजे 386 मोऱ्यांना मिळून 241 जागा. पोटात गोळा आला.

इथे दोन चुका एकमेकींत गुंतल्या होत्या. त्या सुटायला मला दीड दिवस लागला, म्हणून नीट सांगते.

पहिली चूक एककाची. सीएसव्हीतले आकडे अक्षांश-रेखांश होते, थर EPSG:4326 या अंशांत मोजणाऱ्या प्रणालीत होता, आणि टॉलरन्स थराच्या एककात धरला जातो. माझे 10 म्हणजे दहा मीटर नव्हे, दहा अंश. अक्षांशाचा एक अंश सुमारे 111 किलोमीटरचा. मी QGIS ला सांगितलं होतं की हजारेक किलोमीटरच्या आत कुठलाही रस्ता सापडला तरी बिंदू उचलून त्यावर ठेव. त्याने ठेवला. पिवळा त्रिकोण हेच सांगत होता.

उपाय म्हणजे दोन्ही थर मीटरमधल्या प्रक्षेपणात नेणं. आपला भाग ज्या यूटीएम झोनमध्ये येतो तो निवडायचा आणि `Reproject layer` ने नवे थर बनवायचे. थरावर उजवं क्लिक करून `Set Layer CRS` ने नाव बदलायचं नाही. त्याने आकडे तेच राहतात, पाटी तेवढी बदलते, आणि बिंदू भलतीकडे उडतात. मी ते करणारच होते. शेजारी बसणाऱ्या सरांनी मागून बघितलं आणि एवढंच म्हणाले, "पाटी बदलून गाव बदलत नाही."

दुसरी चूक जास्त लबाड होती, कारण मीटरमध्ये गेल्यावरही ती तशीच राहिली. या साधनात Behavior नावाचा एक खाना आहे आणि त्यात आधीपासून निवडलेला पर्याय असतो `Prefer aligning nodes, insert extra vertices where required`. रेषा म्हणजे ओळीने ठेवलेले शिरोबिंदू आणि त्यांना जोडणारे सरळ तुकडे. हा पर्याय टॉलरन्सच्या आत एखादा शिरोबिंदू सापडला की बिंदू त्यावरच नेऊन बसवतो, मग रेषा त्याहून कितीही जवळून जात असो. दोन बहुभुजांच्या कडा जुळवायच्या असतील तर हे बरोबर आहे. मोरीसाठी नाही, कारण मोरी रस्त्यावर कुठेही असते आणि रेषा काढणाऱ्याने कुठे क्लिक केलं याच्याशी तिचा काही संबंध नसतो.

हे मला कळलं ते 117 क्रमांकाच्या मोरीमुळे, आणि कळलं यासाठी की तोवर मी एक शहाणपणा केला होता. बुधवारी सगळं पुन्हा सुरू करण्याआधी मी बिंदूंच्या मीटरमधल्या थरात `x0` आणि `y0` असे दोन कॉलम जोडले आणि त्यांत `$x` आणि `$y` भरून ठेवले. स्नॅप केल्यावर मूळ जागा पुसली जाते. ती आधी लिहून ठेवली नाही, तर किती सरकलं हे फक्त जुनी फाइल शोधूनच कळतं. टॉलरन्स या वेळी 15 मीटर ठेवला (का, ते पुढे येतं) आणि स्नॅपनंतर फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये हे लिहिलं:

```
distance($geometry, make_point("x0", "y0"))
```

या कॉलमला मी `sarakla` नाव दिलं. 117 समोर 13.81 आलं. पण नकाशात मूळ बिंदू रस्त्याला जवळजवळ चिकटून होता! मोजपट्टीने मोजलं: रेषेपर्यंत सरळ अंतर 2.4 मीटर. रेषेवरचा सगळ्यात जवळचा शिरोबिंदू मात्र तिथून रस्त्याच्या दिशेने 13.6 मीटर पुढे. कर्ण काढून बघितला तर बरोबर 13.81. बिंदू रस्त्यावर आला होता, पण आडवा न येता रस्त्याकडेने तिरका धावत जाऊन शिरोबिंदूवर बसला होता. तशीच गत आणखी 163 मोऱ्यांची.

Behavior बदलून `Prefer closest point, insert extra vertices where required` केलं, पुन्हा चालवलं. 117 समोर 2.40. बिंदूंच्या थरात नवे शिरोबिंदू घुसायचा प्रश्नच नसतो, त्यामुळे त्या वाक्याच्या उत्तरार्धाला घाबरू नका.

गुरुवार गेला अंतरं तपासण्यात, आणि खरं सांगायचं तर हीच पायरी पहिली हवी होती. स्नॅप करण्याआधी मोजायचं, नंतर नाही. त्यासाठी `Join attributes by nearest` आहे. तो काहीही हलवत नाही. फक्त प्रत्येक बिंदूला जवळच्या रस्त्याची माहिती आणि `distance` नावाचा कॉलम जोडतो. कमाल अंतराचा खाना मी रिकामा ठेवला, म्हणजे लांबचे बिंदूही लपणार नाहीत.

निकाल जिओपॅकेजमध्ये साठवायला गेले तर `UNIQUE constraint failed` अशी लाल ओळ. तासभर मी फाइलचे हक्क, फोल्डरचं नाव, डिस्कवरची जागा असलं काहीबाही बघत बसले. शेवटी तात्पुरत्या थरातल्या नोंदी मोजल्या: 393. गेले 386, आले 393. सात बिंदूंच्या जवळ चौक होता. चौकात दोन-तीन रेषांचं टोक एकच असतं, बिंदूपासून त्या टोकाचं अंतर सगळ्या रेषांसाठी नेमकं सारखं, आणि अशी बरोबरी झाली की हे साधन प्रत्येक रेषेसाठी एक नोंद देतं, तुम्ही शेजारी एकच मागितला असला तरी. एकाच `fid` क्रमांकाच्या दोन नोंदी जिओपॅकेज घेत नाही, म्हणून ती लाल ओळ. दुहेरी नोंदी शोधायला हे पुरतं:

```
count("id", group_by:="id") > 1
```

त्या सात ठिकाणी सर्वेक्षकाने फॉर्ममध्ये लिहिलेला रस्ता ठेवला आणि बाकीच्या नोंदी काढल्या. आता 386.

मग अंतरांची उतरंड लावली. पाच मीटरच्या आत 298 बिंदू. पाच ते दहामध्ये 61. दहा ते पंधरामध्ये 14. पंधरा ते चाळीसमध्ये 9 आणि चाळिसाच्या पुढे 4. मध्यक 3.1 मीटर.

टॉलरन्स किती ठेवायचा हा प्रश्न या उतरंडीकडे बघूनच सोडवता येतो, पण नुसती उतरंड पुरत नाही. बिंदू रेषेपासून लांब का असतो, याची तीन कारणं एकात एक मिसळलेली असतात. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरपर्यंत चुकतो, झाडीत आणि उंच इमारतींत त्याहून जास्त. रेषा काढणाऱ्याचा हात थोडा इकडे-तिकडे गेलेला असतो. आणि तिसरं कारण चूकच नसते: रेषा रस्त्याच्या मध्यातून जाते, माणूस मात्र कडेला उभा राहतो. आमच्यातला सगळ्यात रुंद रस्ता बारा मीटरचा. कडेला उभं राहिलं की सहा मीटर आपसूक आले. त्यात जीपीएसचे पाच घातले की अकरा, रेषेसाठी थोडी सूट, झाले पंधरा. दहा ठेवले असते तर रुंद रस्त्यावरच्या चांगल्या नोंदी विनाकारण बाहेर पडल्या असत्या. पन्नास ठेवले असते तर चाळिसाच्या आतली एकही बाहेर पडली नसती, आणि तपासण्यासारखं फारसं काही उरलंच नसतं.

पंधराच्या पुढचे 13 बिंदू मी एकेक करून उपग्रहचित्रावर बघितले. हा अर्धा दिवस सगळ्यात कामी आला. पाच मोऱ्या एकाच रस्त्यावर ओळीने, सगळ्या रेषेच्या एकाच बाजूला, 19 ते 23 मीटरवर. पाच वेगवेगळ्या चुका एकाच बाजूला सारख्याच अंतरावर पडत नाहीत. चित्रात बघितलं तर रस्ता खरंच बिंदूंखालून जात होता आणि रेषा बाजूच्या बांधावरून. म्हणजे बिंदू बरोबर, रस्ता चुकीचा. रेषा दुरुस्त केली, पाचही मोऱ्या आपोआप चार मीटरच्या आत आल्या. आणखी चार ठिकाणी सर्वेक्षकाने शेऱ्यात लिहिलं होतं की ओढ्यामुळे जवळ जाता आलं नाही. ते शेरे मी आधी वाचलेच नव्हते.

चाळिसाच्या पुढच्या चारांपैकी तीन मोऱ्या एका नव्या रस्त्यावर होत्या आणि आमच्या थरात तो रस्ताच नव्हता. चौथा बिंदू 640 मीटरवर, कुठल्याच रस्त्याजवळ नाही. सर्वेक्षकाला फोन केला.

"अहो मॅडम, तो ऑफिसच्या अंगणातला. फॉर्म चालतो का बघायला टाकला होता."

सोमवारच्या त्या देखण्या निकालात हा अंगणातला बिंदू मुख्य रस्त्यावर रुबाबात मोरी म्हणून उभा होता.

रेषा दुरुस्त झाल्यावर शेवटचा स्नॅप केला आणि `sarakla` कॉलमची नव्याने काढलेल्या `distance` कॉलमशी तुलना केली. दोन्ही आकडे जुळायला हवेत. एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की समजावं, बिंदू जवळच्या जागी न जाता भलतीकडे गेला. माझ्या 378 नोंदी जुळल्या. उरलेल्या आठांमध्ये `sarakla` शून्य. इथे फसायला होतं. शून्य म्हणजे उत्तम नव्हे. टॉलरन्सच्या बाहेरचा बिंदू हे साधन निमूटपणे जागेवर सोडून देतं, कुठलीही सूचना न देता, आणि मग त्याचं सरकणं शून्य येतं. सरासरी काढली तर हे शून्य ती खाली ओढतात आणि काम होतं त्याहून सुंदर दिसतं. मी `sthiti` नावाचा एक कॉलम केला आणि त्या आठांसमोर "हलवला नाही" लिहिलं.

जाता जाता एक. बिंदू खरंच रेषेवर आला का हे `intersects` ने तपासू नका. दशांशाच्या शेपटामुळे रेषेवर बसलेला बिंदूही बऱ्याचदा "नाही" असंच उत्तर देतो. अंतर 0.001 पेक्षा कमी आहे का ते बघा.

शुक्रवारी, 10 तारखेला फाइल पाठवली. सोबत अर्ज, थरांची यादी, प्रक्षेपणाचा उल्लेख, आणि प्रत्येक कॉलमचा अर्थ सांगणारा एक तक्ता. तक्ता नसेल तर फाइल उघडतच नाहीत असं आधी ऐकलं होतं, म्हणून तो दोन प्रतींत दिला.

गुरुवारी, 16 तारखेला फाइल परत आली. दोन शेरे होते.

पहिला: "काही मोऱ्या चुकीच्या रस्त्यावर." मला वाटलं, शक्यच नाही, अंतरं बघा ना! मग 204 क्रमांकाची मोरी बघितली. सरकणं 1.9 मीटर, माझ्या यादीतल्या चांगल्या नोंदींपैकी. पण तिथे मुख्य रस्त्याला समांतर एक सेवारस्ता आहे. सेवारस्त्याची रेषा 1.9 मीटरवर, मुख्य रस्त्याची 7.3 मीटरवर. माणूस कडेला उभा होता, म्हणजे सेवारस्त्याच्या जवळ. साधनाने जवळचा रस्ता दिला आणि तो चुकीचा होता. स्नॅपचं अंतर एवढंच सांगतं की रेषा किती जवळ होती. ती रेषा कोणाची, हे त्याच्या खिजगणतीतही नसतं.

उत्तर माझ्याच फाइलमध्ये पडून होतं. फॉर्ममध्ये सर्वेक्षकाने रस्त्याचं नाव लिहिलं होतं, आणि जोडणीतून जवळच्या रस्त्याचं नाव आलं होतं. दोन्ही कॉलम समोरासमोर ठेवले. 22 ठिकाणी फरक, त्यातले 15 नुसते शुद्धलेखनाचे, सात खरे. सातही त्याच सेवारस्त्याकडेचे. ते सात बिंदू निवडले, रस्त्यांच्या थरात मुख्य रस्त्याची रेषा निवडली, दोन्ही खान्यांखाली `Selected features only` वर टिचकी मारली आणि तेवढेच पुन्हा स्नॅप केले. सरकणं वाढलं, 204 चं 7.3 झालं. आकडा वाईट झाला आणि जागा बरोबर झाली.

तुमच्या फॉर्ममध्ये रस्त्याचं नाव नसेल, तर त्याच जोडणीत शेजाऱ्यांची संख्या 2 करा आणि पहिल्या-दुसऱ्या अंतरातला फरक काढा. तो जिथे पाचेक मीटरच्या आत असेल तिथे निवड नशिबावर झाली आहे असं धरा आणि डोळ्यांनी बघा. त्याआधी रस्त्यांचे तुकडे नावावरून `Dissolve` करून घ्या, नाहीतर दुसरा शेजारी म्हणून त्याच रस्त्याचा पुढचा तुकडा येत राहतो.

दुसरा शेरा होता: "स्नॅप अंतर हीच स्थाननिश्चितीची अचूकता म्हणून नमूद करावी." यावर मी दोन दिवस अडले, कारण हे मान्य करणं सोपं होतं आणि चुकीचं होतं. जवळच्या जागी जाताना बिंदू रेषेला काटकोनातच सरकतो, टोकांजवळचा अपवाद सोडला तर. म्हणून या अंतरात फक्त आडवी चूक दिसते. जीपीएसने बिंदू रस्त्याच्या दिशेनेच सात मीटर पुढे फेकला असेल, तर तो रेषेवरच पडतो आणि स्नॅप अंतर जवळजवळ शून्य येतं.

वाद घालण्यापेक्षा मोजून दाखवणं बरं. शनिवारी मी आणि एक सहकारी मोजचाक घेऊन गेलो आणि सहा मोऱ्यांचं चौकापासूनचं अंतर रस्त्याने चालत मोजलं. त्यातल्या एकीचं स्नॅप अंतर होतं 0.8 मीटर. नकाशात ती चौकापासून 412 मीटरवर, चाकावर 405. सहांपैकी सगळ्यांत रस्त्याच्या दिशेने चार ते नऊ मीटरचा फरक निघाला, आणि स्नॅप अंतराशी त्याचा काही मेळ नव्हता. हे सहा आकडे एका पानावर लिहिले, आणि कॉलमचं नाव "अचूकता" न ठेवता "रेषेपर्यंतचं आडवं अंतर" असं ठेवलं आहे, कारण हे, असं नम्रपणे कळवलं.

सोमवारी, 20 तारखेला फाइल पुन्हा गेली. अंगणातला बिंदू काढल्यामुळे नोंदी आता 385. 27 तारखेला मंजुरीचं पत्र आलं. त्यात "स्नॅप अंतर" हाच शब्द छापलेला होता, पण माझं पान जोडपत्र म्हणून लावलं होतं. ओढ्याजवळच्या चार मोऱ्यांची जागा पाणी उतरल्यावर पुन्हा टिपायची आहे. नव्या रस्त्यावरच्या तिघींसमोर अजून "हलवला नाही" असंच लिहिलेलं आहे. त्या रस्त्याची रेषा मागवली आहे, ती आली की पहिल्यांदा Behavior चा खाना बघणार.